आधी मीठ, मग पाणी

वहिनी, दादांचं डायलिसिस चालू आहे, तर त्यांचं पाणी मोजण्याआधी पोह्यांवरची शेव आणि खारट जिरावण मसाला बंद करा. इंदुरात हे जिवावर येतं, पण खारट खाल्लं की तहान लागणारच, मग पाण्यावरून रोज भांडण. दोन डायलिसिसच्या मधे वजन दोन किलो वाढलं, तर ते साधारण दोन लिटर पाणीच समजा. चहा, ताक, पातळ वरण सगळं त्यात आलं.

दुकानातलं ‘लो सोडियम’ मीठ मात्र आणू नका. त्यात बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात. बटाट्यातही पोटॅशियम असतं, म्हणून तो सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या, रश्श्यात घालू नका. हातापायांतली ताकद अचानक गेली तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.