दुसऱ्या आयगेनमूल्यापेक्षा त्याचा सदिश पाहा

प्रश्न: ग्राफच्या लाप्लासियनचे दुसरे सर्वांत लहान आयगेनमूल्य नेटवर्कचे दोन गट कसे पाडते? पहिले का वापरत नाहीत?

लाप्लासियनला L म्हणू. प्रत्येक शिरोबिंदूला एक संख्या देऊन त्यांचा सदिश x बनवला, तर xᵀLx म्हणजे प्रत्येक कडेच्या दोन टोकांवरील संख्यांच्या फरकाचा वर्ग घेऊन केलेली बेरीज. सगळ्यांना एकच संख्या दिली की ती शून्य होते. म्हणून पहिले आयगेनमूल्य 0 असते आणि त्याच्या सदिशातून गटांबद्दल काहीच कळत नाही. आता संख्यांची बेरीज शून्य आणि त्यांच्या वर्गांची बेरीज 1 असावी, अशी अट घाला. काही संख्या धन आणि काही ऋण असणे मग भागच पडते, आणि या अटीत xᵀLx ची जी किमान किंमत येते तेच दुसरे आयगेनमूल्य, λ₂. धनाकडून ऋणाकडे जाताना कडांवर फरक पडतोच, त्यामुळे ही उडी कडा विरळ असतील तिथे घेणे स्वस्त पडते. मिरोस्लाव्ह फीडलर या चेक गणितज्ञांनी 1973 मध्ये λ₂ चा अभ्यास मांडला. म्हणून या सदिशाला फीडलर सदिश म्हणतात.

हातानेच करून पाहू. 1-2-3 आणि 4-5-6 असे दोन त्रिकोण घ्या आणि 3-4 ही एकच कड त्यांना जोडू द्या. सममितीमुळे 1 आणि 2 ला x, 3 ला y, 4 ला −y, आणि 5 व 6 ला −x देता येते. शिरोबिंदू 1 पाशी 2x − x − y = λx, तर 3 पाशी 3y − 2x + y = λy. यातून λ² − 5λ + 2 = 0 मिळते आणि लहान मूळ सुमारे 0.438 येते. x = 1 धरल्यास y सुमारे 0.56. चिन्हे पाहिली की पूल बरोबर मधोमध तुटतो. (सगळी चिन्हे उलटली तरी फाळणी तीच राहते.)

मात्र λ₂ लहान आहे एवढ्यावरून गट आहेत असे मानू नये. दहा शिरोबिंदूंच्या साध्या साखळीचे λ₂ सुमारे 0.098, म्हणजे आपल्या त्रिकोणांपेक्षाही कमी असते, आणि साखळीत तर गटच नाहीत! फरक सदिशात दिसतो: तो चढत्या क्रमाने मांडला की साखळीत संख्या हळूहळू सरकतात, त्रिकोणांत मात्र −0.56 वरून थेट 0.56 वर उडी पडते. λ₃ सुद्धा हेच सांगते; त्रिकोणांत ते 3 आहे, साखळीत सुमारे 0.38. λ₂ आणि λ₃ समान असतील, जसे चार शिरोबिंदूंच्या चक्रात दोन्ही 2 असतात, तर सदिशाची दिशाच ठरलेली नसते आणि संगणकाने दिलेली फाळणी योगायोगाची असते.

नमपायमध्ये `np.linalg.eigh` वापरावे, कारण ते आयगेनमूल्ये चढत्या क्रमाने देते. `np.linalg.eig` क्रमाची हमी देत नाही. मी एकदा त्याचाच दुसरा स्तंभ उचलला आणि एकमेकांशी घट्ट जोडलेले शेजारी वेगवेगळ्या गटांत का जातात, हे शोधत संध्याकाळ घालवली.