उत्तर उणे आलं, तेव्हा आकृती काढली

"इंटिग्रेशन मला चांगलं जमतं. पण जॉइंट डेन्सिटीच्या गणितात लिमिट्स कशा लावायच्या तेच कळत नाही. उत्तर दर वेळी वेगळंच येतं."

एस.वाय.ची मुलं परीक्षेच्या तोंडावर माझ्याकडे येतात, तेव्हा हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यातल्या एकीची गोष्ट सांगतो. तिला नेहा म्हणू. बऱ्याच बैठकांचं सार इथे थोडक्यात देतोय.

तिचं गणित असं होतं: `f(x, y) = 8xy`, जिथे `0 < x < y < 1`, आणि बाकी सगळीकडे शून्य. `P(X + Y < 1)` काढायचं. वहीत अक्षर सुरेख, पायऱ्या नीट, आणि शेवटी उत्तर −2/3.

"नेहा, ही संभाव्यता आहे ना?"

"हो सर."

"मग उणे कशी?"

ती गप्प. तिने y च्या लिमिट्स x ते 1−x घेतल्या होत्या आणि त्या बरोबर होत्या. x च्या मात्र 0 ते 1 लावल्या होत्या, कारण प्रश्नात 0 आणि 1 दिसत होते. मी तिला x = 0.8 घालून बघायला सांगितलं. मग y 0.8 पासून 0.2 पर्यंत जायला लागला. "हे उलटंच चाललंय की!" म्हणाली. x अर्ध्याच्या पुढे गेला की खालची लिमिट वरचीपेक्षा मोठी होते. म्हणजे तिथे प्रदेशच नाही, आणि आपण नसलेल्या प्रदेशावर इंटिग्रेट करतोय.

पुढच्या खेपेला ती 1/3 घेऊन आली. चेहऱ्यावर समाधान. मला मात्र उणे उत्तरापेक्षा असल्या उत्तराची जास्त धास्ती वाटते. उणे उत्तर निदान ओरडून चूक सांगतं, 1/3 शहाण्यासारखं गप्प बसतं. या वेळी तिने x 0 ते 1 आणि y 0 ते 1−x घेतले होते. `X + Y < 1` ही अट पाळली, `x < y` विसरली.

मी चूक दाखवली नाही. एवढंच म्हटलं, "y ला 0 पासून सुरू करायची मुभा तू घेतलीस. तीच मुभा घेऊन आख्ख्या चौकोनावर 8xy इंटिग्रेट कर."

तिने केलं. "सर, 2 येतंय."

"एकूण संभाव्यता?"

"...1 यायला हवी."

मग तिने पेन्सिल घेतली आणि आपणहून चौकोन काढला, त्यात y = x ही तिरकी रेघ आणि तिच्या वरचा त्रिकोण. "डेन्सिटी इथेच आहे. खाली काहीच नाही. मी रिकाम्या जागेतूनही संभाव्यता गोळा केली." मग x + y = 1 ही दुसरी रेघ. दोन्ही रेघा (1/2, 1/2) वर भेटल्या, आणि x अर्ध्यावर का थांबतो ते मला सांगावंच लागलं नाही.

माझं मत जुनंच आहे आणि मी ते सोडत नाही: लिमिट्स सूत्रातून येत नाहीत, चित्रातून येतात. त्या त्रिकोणात एक उभी रेघ मारायची. ती कुठून आत शिरते आणि कुठून बाहेर पडते, ते आतल्या इंटिग्रलचं. ती रेघ डावीकडून उजवीकडे कुठवर सरकवता येते, ते बाहेरच्याचं. म्हणून बाहेरच्या लिमिट्समध्ये नुसते आकडेच उरतात. तिथे x किंवा y दिसला, तर तिथेच थांबायचं.

आता आतलं इंटिग्रेशन झाल्यावर `4x(1 − 2x)` उरतं, ते 0 ते 1/2 इंटिग्रेट केलं की 1/6.

"पण सर, हा भाग त्रिकोणाच्या बरोब्बर निम्मा आहे. मग निम्मी संभाव्यता का नाही?" हा प्रश्न तिचा, आणि मला तो उत्तराहून जास्त आवडला. क्षेत्रफळ निम्मं आहे, पण वजन सारखं पसरलेलं नाही. (1, 1) जवळ डेन्सिटी 8 च्या आसपास जाते, आपल्या भागात ती कुठेच 2 च्या वर जात नाही. त्यावरून एक झटपट चाचणीही मिळते: क्षेत्रफळ 1/4, गुणिले 2, म्हणजे उत्तर अर्ध्याच्या आतच हवं. पण 1/3 या चाळणीतून सुटलं असतं. त्याला पकडायला एकूण 1 चीच तपासणी लागते.

मग मी तिला आडव्या रेघेने करायला सांगितलं, आधी x मग y. आता y = 1/2 वर भाग तुटतो. खाली आडवी रेघ y = x ला जाऊन थांबते, वर ती x = 1 − y ला थांबते. 1/16 आणि 5/48, बेरीज पुन्हा 1/6. परीक्षेत वेळ असेल तर याहून पक्की खातरजमा नाही. वेळ नसेल तर निदान एवढं बघावं, की कुठल्या दिशेने एकाच तुकड्यात काम भागतं.

शेवटच्या बैठकीत मी त्याच डेन्सिटीवर `P(Y < 2X)` दिलं. तिने आधी y = 2x ची रेघ काढली आणि उभी पेन्सिल धरून पाहिली. "x अर्ध्यावर आला की तुटतंय," असं पुटपुटत पेन्सिल आडवी केली. x ला y/2 ते y, y ला 0 ते 1. एकच तुकडा, उत्तर 3/4.