पीतांबर, मनोरथ, कवीश्वर : समास आणि संधीचे उत्तर पडताळताना

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. सरावाच्या वहीत तिने ‘पीतांबर’चा समास कर्मधारय लिहिला, उत्तरसूचीत बहुव्रीही आहे. संधीच्या प्रश्नात तिने ‘मनो + रथ’ आणि ‘कवी + ईश्वर’ लिहिले, सूचीत ‘मनः + रथ’ आणि ‘कवि + ईश्वर’ आहे. यांतले खरोखर चूक काय, आणि घरच्या घरी पडताळायचे कसे?

उत्तर : तिन्ही उत्तरांचा निकाल वेगवेगळा लागतो. ‘पीतांबर’च्या बाबतीत मुलीचे उत्तरही बरोबर असू शकते आणि सूचीचेही, ‘मनो + रथ’ निश्चित चूक आहे, ‘कवी + ईश्वर’मध्ये संधी नीट ओळखला गेला आहे, फक्त पहिले पद मूळ रूपात लिहायचे राहिले आहे.

समासापासून सुरुवात करतो, कारण तिथेच सूचीवर डोळे झाकून विश्वास ठेवला जातो. समासाचा प्रकार शब्दाच्या अंगावर कायमचा छापलेला नसतो, तो त्या शब्दाच्या त्या वेळच्या अर्थावरून ठरतो. त्यामुळे पडताळणीची सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे विग्रह पूर्ण लिहायचा आणि सामासिक शब्दाच्या जागी तो वाक्यात बसवून पाहायचा. ‘आजोबा पीतांबर नेसून पूजेला बसले’ या वाक्यात ‘पीत असे अंबर’, म्हणजे पिवळे वस्त्र, हा अर्थ चपखल बसतो. नेसले जाते ते वस्त्रच, म्हणून दुसरे पद प्रधान, आणि पहिले पद त्याचे विशेषण असल्यामुळे समास कर्मधारय. आता ‘पीतांबराने भक्ताची हाक ऐकली’ हे वाक्य घ्या. इथे तोच विग्रह घातला तर पिवळ्या वस्त्राने हाक ऐकली असा अर्थ होतो. ‘पीत आहे अंबर ज्याचे असा तो’ हा विग्रह घेतला की वाक्य सरळ होते, कारण शब्दाने सांगितलेली गोष्ट पिवळेपणाही नाही आणि वस्त्रही नाही, तर ते नेसणारा विष्णू आहे. दोन्ही पदांच्या बाहेरचा कोणी तरी प्रधान असणे, पाणिनीच्या शब्दांत ‘अन्यपदार्थ’, हीच बहुव्रीहीची ओळख आहे.

म्हणून प्रश्नात वाक्य दिलेले असेल तर वाक्य काय सांगते ते पाहावे. वाक्य न देता नुसता ‘पीतांबर’ हा शब्द विचारला असेल, तर दोष प्रश्नाचा आहे, मुलीचा नाही. सरावाच्या पुस्तकांत हा शब्द कर्मधारयाच्या यादीतही आढळतो आणि बहुव्रीहीच्या यादीतही. अशा ठिकाणी उत्तराशेजारी विग्रह लिहिणे हा एकच सुरक्षित मार्ग आहे, कारण तपासणाऱ्याला मुलीने कोणता अर्थ धरला हे त्यातूनच कळते. पर्याय निवडायचा प्रश्न असेल आणि विग्रहाला जागाच नसेल, तर आपल्या वर्गाला लावलेल्या पुस्तकाने जो प्रकार दिला असेल तो निवडावा. हा परीक्षेपुरता व्यवहार आहे, व्याकरणाचा निर्णय नव्हे.

‘नीलकंठ’ मात्र या गटात टाकू नये. काही विद्यार्थी म्हणतात की शंकर म्हटले तर बहुव्रीही आणि पक्षी म्हटला तर कर्मधारय. तसे नाही. पक्ष्याला ते नाव दिले तरी तो काही निळा गळा नव्हे, निळा गळा असलेला पक्षीच आहे. म्हणजे अन्यपदार्थ बदलला, समास बदलला नाही. याउलट ‘नीलकमल’ हे कमळच असते, म्हणून ते कर्मधारय. पहिले पद दोन्हीकडे ‘नील’ असूनही उत्तरे वेगळी येतात, यावरून पहिले पद पाहून प्रकार ठरवण्याची सवय किती फसवी आहे हे दिसते. संख्यावाचक पदाच्या बाबतीत ही फसगत अधिक होते. ‘त्रिभुवन’ म्हणजे तीन भुवनांचा समूह, म्हणून द्विगू. ‘त्रिलोचन’ म्हणजे तीन डोळ्यांचा समूह नव्हे, तर तीन लोचने ज्याला आहेत असा तो, म्हणून बहुव्रीही. आरंभी ‘त्रि’ दिसला की द्विगू लिहून मोकळे होणारी मुले दुसऱ्या शब्दाला हमखास अडखळतात.

नकारार्थी पहिल्या पदासाठी माझी एक साधी कसोटी आहे आणि ती वर्गात चांगली चालते. सामासिक शब्द ‘आहे’ला जोडून वाक्य करायचे आणि मग तो शब्द फोडून ‘नाही’ने तेच सांगायचे. ‘हा अन्याय आहे’ याचे ‘हा न्याय नाही’ होते. वाक्याचा कर्ता तोच राहतो, म्हणून नञ् तत्पुरुष. ‘तो अनाथ आहे’ याचे ‘तो नाथ नाही’ असे केले तर अर्थ बिघडतो, तिथे ‘त्याला नाथ नाही’ असेच म्हणावे लागते. ‘तो’चा ‘त्याला’ किंवा ‘त्याचा’ करावा लागला की नञ् बहुव्रीही समजावा.

आता संधी. संधी फोडल्यावर दोन गोष्टी तपासाव्या लागतात. फोडलेले तुकडे नियमाने पुन्हा जोडल्यावर मूळ शब्द मिळतो का, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे भाषेत अर्थासह अस्तित्वात आहे का. बहुतेक जण पहिलीच तपासणी करतात आणि थांबतात. ती एकटी पुरत नाही, कारण अ आणि आ यांच्या चारही जोड्यांतून ‘आ’च मिळतो. ‘पीतांबर’ हा ‘पीत + अंबर’मधून येतो तसा नियमाने ‘पीता + अंबर’ किंवा ‘पीत + आंबर’मधूनही येऊ शकतो. यांतले खोटे तुकडे वगळण्याचे काम नियम करत नाही, शब्दाचा अर्थ करतो. ‘विद्यालय’ हे ‘विद्या + आलय’ असते ते याच कारणाने; ‘विद्या + अलय’ जोडून पाहिले तरी शब्द तोच मिळेल, पण ‘अलय’ म्हणजे घर नव्हे.

‘मनो + रथ’ मात्र दोन्ही तपासण्यांत नापास होते. ‘मनो’ असा स्वतंत्र शब्द नाही. शिवाय हे दोन तुकडे जोडताना एकही वर्ण बदलत नाही, आणि वर्ण बदललाच नसेल तर संधी झाला तरी कुठे? खरी घडामोड अशी आहे की ‘मनः’मधल्या विसर्गाच्या मागे ‘अ’ आहे आणि पुढे ‘र’ हा मृदू वर्ण आहे. अशा वेळी तो ‘अ’ आणि विसर्ग मिळून ‘ओ’ होतो. मूळ पद ‘मनः’च आहे हे नियम न आठवताही शोधता येते. त्याच पहिल्या पदाचे इतर शब्द आठवावेत, विशेषतः ज्यांत पुढचा वर्ण वेगळ्या जातीचा आहे असे. ‘मनःस्थिती’ आणि ‘मनःशांती’ यांत विसर्ग उघड दिसतो, ‘मनस्ताप’मध्ये ‘त’पुढे त्याचा ‘स्’ झालेला दिसतो, आणि ‘मनोबल’, ‘मनोरंजन’ यांत ‘ओ’ दिसतो. एकच पद शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते आहे हे मुलीला एकदा दाखवले, की ‘मनो’ ती पुन्हा लिहिणार नाही. हीच युक्ती ‘तपोबल’ आणि ‘यशोगाथा’ यांनाही लागू पडते.

पण ‘ओ’ दिसला की विसर्ग शोधायला निघू नये. ‘दारोदार’ आणि ‘गावोगाव’ या शब्दांत विसर्ग संधी नाही. तिथे तोच शब्द दोनदा येऊन मधे ‘ओ’ आला आहे, विग्रह ‘प्रत्येक दारी’, ‘प्रत्येक गावी’ असा होतो आणि समास अव्ययीभाव आहे. ‘दारः + दार’ असे लिहिलेले उत्तर मी पाहिले आहे. नियम पाठ होता, शब्द मराठी आहे हे लक्षात राहिले नव्हते.

तीच गोष्ट ‘एकेक’ची. संस्कृत संधीच्या वृद्धी नियमाने अ आणि ए मिळून ‘ऐ’ होतो आणि ‘एकैक’ मिळते. मराठीत आपण ‘एकेक’ म्हणतो. इथे पहिल्या पदाचा शेवटचा ‘अ’ लोपतो आणि पुढचा स्वर कायम राहतो, यालाच पररूप संधी म्हणतात. ‘नदी + आत’मधून ‘नदीत’ होताना उलट घडते, मागची ‘ई’ टिकते आणि पुढचा ‘आ’ जातो, हा पूर्वरूप. उत्तर जुळत नसेल तर शब्द तत्सम आहे की मराठी, हे आधी विचारावे.

राहिला ‘कवीश्वर’. इ किंवा ई, कोणतीही पुढच्या ‘ई’ला मिळाली तरी ‘ई’च होते, त्यामुळे मुलीचे तुकडे जोडल्यावर शब्द बरोबरच येतो. फरक लेखनाचा आहे. 1962 सालच्या मराठी लेखनाच्या नियमांप्रमाणे मुळात ऱ्हस्व असलेले तत्सम इकारान्त आणि उकारान्त शब्द मराठीत एकटे आले की दीर्घ लिहायचे, म्हणून आपण ‘कवी’, ‘रवी’, ‘गिरी’ लिहितो. तोच शब्द समासाचे पहिले पद झाला की मूळ ऱ्हस्वता टिकते, म्हणून ‘कविसंमेलन’ आणि ‘रविवार’. संधी सोडवताना आपण हेच मूळ पद दाखवत असतो, म्हणून ‘कवि + ईश्वर’ हे लेखन अधिक काटेकोर आहे. मूळ पद ऱ्हस्व की दीर्घ हे ठरवायला पुढे व्यंजन असलेला शब्द शोधावा. ‘रविवार’ सांगतो की ‘रवींद्र’मध्ये ‘रवि’ आहे. ‘रजनीगंधा’ सांगते की ‘रजनीश’मध्ये ‘रजनी’ दीर्घच आहे. सूचीत ‘रजनि + ईश’ छापलेले सापडले, तर ती छपाईची चूक समजून खुशाल दुरुस्त करावी.

कठोर परीक्षक ‘कवी + ईश्वर’चा अर्धा गुण कापेल, उदार परीक्षक कापणार नाही. मी स्वतः कापणार नाही, कारण प्रश्न संधीचा आहे आणि संधी तिला कळला आहे. पण वहीत ‘कवि’ असे दुरुस्त करून घ्यावे. ‘मनो + रथ’ खोडून ‘मनः + रथ’ लिहावे आणि शेजारी ‘मनःस्थिती, मनस्ताप’ हे दोन शब्द लिहून ठेवावेत. ‘पीतांबर’पुढचे ‘कर्मधारय’ तसेच राहू द्यावे, त्यापुढे कंसात ‘पीत असे अंबर’ लिहावे आणि खालच्या ओळीत तिला दुसरा विग्रह आणि त्याला शोभेल असे एक वाक्य स्वतःहून करायला सांगावे.