इटालियनमध्ये 'ती वोल्यो बेने' आणि 'ती आमो' यांत फरक काय? दोन्हींचा अर्थ 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असाच ना?

नाही. 'ती आमो' नवऱ्याला, बायकोला, प्रियकराला, प्रेयसीला. 'ती वोल्यो बेने' आईवडिलांना, भावंडांना, आजीला, जिवलग मित्रांना. एवढ्यावर काम भागत असेल तर इथेच थांबा, कारण पुढे आमच्या घरातलं भांडण आहे.

माझी बायको मोदेनाची. आई साताऱ्याला दादाकडे असते. आईच्या सत्तरीला बायकोने व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप धाडला. मोडक्यातोडक्या मराठीत शुभेच्छा, आणि तिथे मराठी संपलं म्हणून असेल, शेवटी 'आई, ती वोल्यो बेने'. आईने दादाला अर्थ विचारला. दादाने फोनवर शब्दाला शब्द लावून पाहिला आणि जाहीर केलं, "मी तुझं चांगलं इच्छिते, असं म्हणतेय." वर पुस्ती जोडली, "नवऱ्याला आमो, आणि सासूला नुसतं चांगलं इच्छिते. भेटकार्डावर असतं ना, तसं." आई तेव्हा काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मला फोनवर हळूच म्हणाली, "ती रुसलीय का रे माझ्यावर?"

मी दादाशी पाऊण तास भांडलो.

शब्दार्थ त्याचा चुकलेला नव्हता. 'वोल्यो' म्हणजे मला हवंय, 'बेने' म्हणजे भलं. इथला 'ती' म्हणजे 'तुझ्यासाठी'. 'ती आमो'तला 'ती' वेगळा, तिथे प्रेमाचा रोख थेट तुझ्यावर. तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना हे उघड दिसतं: 'लो आमो', पण 'ल्यी वोल्यो बेने'. नवशिके इथे हमखास 'लो वोल्यो बेने' म्हणतात आणि चुकतात. पण हे सुटे भाग कुठल्याही इटालियन माणसाला ऐकू येत नाहीत. 'जीव लावला' म्हणताना आपल्याला तरी कुठे कुणी काही चिकटवताना दिसतं?

सासूबाई लेकीला फोन करतात, जेवलीस का विचारतात, आणि फोन ठेवताना 'ती वोल्यो बेने' म्हणतात. बायकोच्या शाळेपासूनच्या मैत्रिणी अजून निरोपाखाली TVB लिहितात, म्हणजे तेच तीन शब्द. फार उमाळा आला तर TVTB, मधला T 'तांतो'चा, म्हणजे 'खूप'. सासूबाईंना कधी 'ती आमो' म्हणालीस का, असं मी बायकोला विचारलं, तर तिने असं तोंड केलं की मी विषय बदलला.

दादाचा खरा मुद्दा मात्र वेगळाच होता. त्याच्या डोक्यात शिडी आहे. वरच्या पायरीवर आमो, खालच्या पायरीवर वोल्यो बेने, आणि आईला खालची पायरी दिली म्हणून त्याला राग. शिडीच नाहीये तिथे. वेरोनाचा कातुल्लुस हा लॅटिन कवी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. दगा देणाऱ्या प्रेयसीला तो एका कवितेत सांगतो की असल्या घावाने माणूस 'आमारे' जास्त करतो आणि 'बेने वेल्ले' कमी. तेच दोन शब्द, लॅटिनमधले. एक वाढतो तेव्हा दुसरा घटतो, मग ते एकाच शिडीवर कसे असतील?

आणि दादा, पन्नाशी आली तुझी, तू आईला कधी 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणालास? 'गोळ्या घेतल्यास का' म्हणतोस. त्याचं कुणी शब्दशः भाषांतर करून आईला ऐकवलं तर?

आता थोडं सावरून घेतो. नवरा-बायकोही एकमेकांना 'ती वोल्यो बेने' म्हणतात, आणि त्यात काही उणं नसतं. फक्त नव्या जोडप्यात एकाने 'ती आमो' म्हटल्यावर दुसऱ्याकडून हे उत्तर आलं, तर समजून जावं. 'बाप मुलांवर प्रेम करतो' असं तटस्थपणे सांगताना 'आमारे' चालतं. लेकराला हाक मारताना 'आमोरे' तर सर्रास. अडचण आहे ती तोंडावर 'ती आमो' म्हणण्याची.

आणि 'बेने' गाळू नका. नुसतं 'ती वोल्यो' म्हणजे मला तू हवी आहेस, आणि ते भलत्याच अर्थाने. हे मुद्दाम लिहितोय, कारण भांडण मिटल्यावर दादाने आईकडून सुनेसाठी उत्तर पाठ करून घेतलं, आणि त्यात नेमका तोच शब्द राहिला. नुसतं 'आंकीओ', म्हणजे 'माझंही', शिकवलं असतं तरी भागलं असतं.