स्लॉटमध्ये ‘आता लागणारच’ असं काही नसतं

भावा, निपाणीच्या तुझ्या दोस्ताचा ‘शंभर फेऱ्या कोरड्या गेल्या, आता लागणार’ हा हिशेब आधी डोक्यातून काढ. ऑनलाइन स्लॉट म्हणजे पैसे लावून चाकांवरची चिन्हं जुळवायचा खेळ; त्यात तू बटण दाबतोस तेव्हाच प्रोग्राम रँडम आकडा उचलतो आणि निकाल तिथंच ठरतो. नंतर चाकं फिरतात ती नुसती दाखवायला.

समज, तीन चाकं आहेत, प्रत्येकाला आतून 64 जागा, आणि मोठं चिन्ह फक्त एका जागेवर. मग तिन्ही जुळण्याची शक्यता 64×64×64, म्हणजे 2,62,144 मध्ये एक. हजार फेऱ्या हरलास तरी पुढच्या फेरीला तीच राहते, कारण आकडा उचलताना मागचे निकाल बघितलेच जात नाहीत.

नवखे दोन ठिकाणी हमखास फसतात:

- दोन सत्ते आले, तिसरा एक घर खाली थांबला, की ‘थोडक्यात हुकलं’ वाटतं. पण सत्त्याला आत एकच जागा आणि शेजारच्या रिकाम्या घराला पाच-सहा जागा असू शकतात. म्हणून ते दृश्य वारंवार दिसतं.
- टेलिग्रामवर ‘पॅटर्न’ विकणारे. आकडे कंपनीच्या सर्व्हरवर तयार होतात, त्यांना ते दिसतच नाहीत. एक रुपया देऊ नकोस.

2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवायला बंदी घातली आहे. शिकायचंच असेल तर फुकटचा डेमो बघ.