पट्टीवाल्या श्रेडरचा कागद आणि रिकामे टोनर

"अंधेरीत छोटं ऑफिस आहे. पगारपत्रकं श्रेडरमध्ये घालून रद्दीवाल्याला दिली तर चालेल का? आणि रिकाम्या टोनर कार्ट्रिजचं काय करायचं?"

श्रेडर कसा कापतो त्यावर आहे. नुसत्या उभ्या पट्ट्या निघत असतील तर देऊ नका. कागद आडवा घातला की पट्ट्या ओळींना समांतर कापल्या जातात आणि नाव, खातेक्रमांक अख्खे वाचता येतात. पगारपत्रकांसाठी पी-४ दर्जाचा क्रॉसकट घ्या. त्याचा तुकडा साधारण ४ × ४० मिलिमीटरचा असतो. मशीन मध्येच बंद पडलं तर बहुधा मोटर तापलेली असते. अर्धा तास थांबा. तुकडे पिशवी बांधूनच द्या. सुटे तुकडे रद्दीवाले सहसा घेत नाहीत.

कार्ट्रिज मात्र भंगारात नको. तिथून ते बनावट रिफिलच्या धंद्यात जातं. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटरसोबत कार्ट्रिजही येतं, म्हणून कंपनीच्या परतयोजनेत किंवा नोंदणीकृत रिसायकलरला द्या आणि पावती मागा. तोवर नव्या कार्ट्रिजच्या पिशवीत, खोक्यात आडवं ठेवा. भुकटी सांडलीच तर ओल्या फडक्याने, थंड पाण्यानेच पुसा. गरम पाण्याने ती वितळून चिकटते आणि घरगुती व्हॅक्यूमच्या फिल्टरमधून उलट हवेत उडते.