वीस टक्क्यांच्या भीतीने नाकारायला निघालेली पगारवाढ

“सर, पगार साडेसोळा लाखांवरून सव्वासतरा लाख होतोय. पण मी २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जाते. वाढ नको म्हणून कळवू का? हातात उलट कमीच येईल ना?”

ताईंनी वहीत केलेला हिशोब मी आधी पाहिला. तिथेच सगळं कळलं. प्रमाणित वजावटीचे ७५ हजार त्यांनी बरोबर वगळले होते. म्हणजे करपात्र उत्पन्न १५.७५ लाखांवरून १६.५० लाखांवर जात होतं. पुढे मात्र त्यांनी पहिल्या पूर्ण रकमेवर १५ टक्के आणि दुसऱ्या पूर्ण रकमेवर २० टक्के लावले होते. असा कर ९३,७५० रुपयांनी वाढतो आणि वाढ फक्त ७५ हजारांची! घाबरणं साहजिक होतं.

मी वहीत आडव्या रेघा मारल्या. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या प्रत्येक ४ लाखांवर ५, १०, १५ आणि मग २० टक्के. वरचा दर खालच्या पैशांना शिवत नाही. ताईंच्या ७५ हजारांपैकी २५ हजार अजून १५ टक्क्यांच्याच टप्प्यात होते; त्यांवर ३,७५०. उरलेल्या ५० हजारांवर १०,०००. वर ४ टक्के उपकर धरून जादा कर १४,३००. हातात ६०,७०० जास्त.

२० टक्के हा त्यांचा सीमांत दर, म्हणजे शेवटच्या रुपयावरचा. वर्षाचा एकूण कर १,३५,२००. तो सव्वासतरा लाखांवर पसरला की आठ टक्केही भरत नाही. हा प्रभावी दर.

“पण आमच्या ऑफिसात एकाला खरंच कमी मिळाले,” त्या म्हणाल्या. तेही शक्य आहे, आणि हे मी लपवत नाही. त्याचं कारण स्लॅब नव्हे, १२ लाखांपर्यंत कर शून्यावर आणणारी करसवलत. करपात्र उत्पन्न १२ लाखांवर १० हजारांनी गेलं, की ती सवलत सुटते आणि स्लॅबप्रमाणे कर ६१,५०० होतो. म्हणून कायदा सीमांत सवलत देतो : कर वरच्या १० हजारांइतकाच. पण त्यावर उपकर ४०० लागतोच, म्हणून हातात ४०० कमी. ही तूट जास्तीत जास्त २,८०० रुपयांच्या आसपास जाते आणि १२.७४ लाखांपाशी भरून निघते. त्या अरुंद पट्ट्यात असाल तर आकडा मांडून बघा. ताई त्याच्या कितीतरी पुढे होत्या.

“म्हणजे महिन्याला पाच हजार जास्त?” त्यांनी विचारलं.

“हो. पीएफची कपात वाढली तर हातात थोडे कमी दिसतील, पण ते तुमच्याच खात्यात जातात.”

त्यांनी वहीतला जुना हिशोब खोडला आणि होकाराचा मेल तिथेच बसून पाठवला.